डबल कोटमध्ये टाकून सर्च केलं तरी थोडं वेगळंच का येतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी हे सगळं कुठून निघालं ते सांगते. माझी आंबोळीची एक जुनी रेसिपी आहे, त्यात एक वाक्य होतं, "दुसऱ्या दिवशी पीठ छान फुगून येतं". मला संशय होता की ती रेसिपी कोणीतरी जशीच्या तशी उचललीय, म्हणून फोनवर हे वाक्य डबल कोटमध्ये टाकून सर्च केलं, तर "पीठ छान फुगतं", "दुसऱ्या दिवशी फुगलेलं पीठ", असले भलतेच रिझल्ट आले आणि माझं स्वतःचं पान मात्र त्यात नाहीच. मग मी खोलात गेले. मैत्रिणी नंतर जे जे विचारत राहिल्या ते इथे एकत्र लिहून ठेवलंय, आंबोळीचं वाक्य मधेमधे परत येईल.

कोटमध्ये टाकलं म्हणजे अक्षर न् अक्षर तसंच मिळायला हवं ना?

नाही, आणि गोंधळाचं मूळ हेच आहे. सर्च इंजिन तुमचं वाक्य घेऊन इंटरनेटभर फिरत नाही. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, कुठला शब्द कुठल्या पानावर, तशी एक अवाढव्य सूची त्याने आधीच बनवून ठेवलेली असते, आणि त्यात पानाबरोबर शब्द कितव्या जागेवर आहे तेही लिहिलेलं असतं. समजा माझ्या पानावर "पीठ" 41 व्या जागी, "छान" 42 व्या, "फुगून" 43 व्या, तर कोटमधल्या सर्चला इंजिन एवढंच बघतं की हे तीन शब्द लागोपाठच्या जागांवर आहेत का. असतील तर जुळलं.

आता गंमत अशी की सूचीत शब्द जातो तो धुऊनपुसून जातो. स्वल्पविराम, पूर्णविराम, कंस हे बहुतेक वेळा गळून पडतात, इंग्रजीत कॅपिटल-स्मॉल एक होतं, काही इंजिनं शब्दाचं मूळ रूपही बाजूला नोंदवतात. म्हणजे कोटचा अर्थ "हे शब्द, याच क्रमाने, मधे दुसरा शब्द न येता" एवढाच, आणि "शब्द" म्हणजे काय हे तुम्ही नाही, इंजिन ठरवतं. म्हणून "...भिजवलेलं पीठ. छान फुगून आलं की..." असं दोन वाक्यांत तुटलेलं असेल तरी "पीठ छान फुगून" हा सर्च तिथे जुळू शकतो, कारण मधल्या टिंबाला स्वतःची जागाच नाही. टेबलच्या शेजारशेजारच्या चौकोनांतले शब्दही असेच एकमेकांना चिकटतात.

मग माझ्या वाक्याला ते भलते रिझल्ट का आले?

कारण तंतोतंत काही सापडलंच नव्हतं, आणि सापडलं नाही की बरीच इंजिनं रिकामं पान दाखवत नाहीत, कोट काढून टाकतात आणि साधा सर्च करून देतात. गूगल तसं वर सांगतं, इंग्रजी इंटरफेसवर `No results found for` आणि खाली `without quotes` असं येतं, पण फोनवर आपण बोटाने सरकन खाली जातो आणि ती ओळ वाचतच नाही. माझंही तेच झालं. भाजी मंडईत आपण मेथी मागावी आणि भाजीवालीने न सांगता शेपू पिशवीत घालावा असं वाटतं, पण खरं म्हणजे तिने सांगितलेलं असतं, आपलं लक्ष नसतं.

ओळखायची खूण सोपी. रिझल्टखालच्या दोन ओळींच्या उताऱ्यात तुमचा वाक्यांश सलग ठळक दिसतोय का बघा. शब्द सुटेसुटे ठळक असतील, एक इथे एक तिथे, तर कोट सुटलेत असं समजायला हरकत नाही, आणि मग वर जाऊन ती ओळ शोधायची. तसंच कधी इंजिन स्पेलिंग दुरुस्त करून टाकतं, तेव्हा `Search instead for` अशी लिंक येते, तिच्यावर टॅप केलं की तुमचं मूळ परत मिळतं.

उताऱ्यात दिसतंय पण पान उघडल्यावर ते वाक्य कुठेच नाही. हे कसं काय?

ऑगस्ट 2022 मध्ये गूगलने एक बदल केला, कोटमध्ये सर्च केलं तर उतारा पानावर जिथे ते शब्द आहेत तिथूनच घ्यायचा. त्याआधी उतारा कुठूनही यायचा, कारण कधी ते शब्द मेन्यूत वगैरे असायचे आणि तिथला उतारा वाचायला भयंकर दिसायचा. त्या वेळी त्यांनी न सापडण्याची कारणंही सांगितली होती, ती अजून कामाची आहेत.

एक म्हणजे वाक्य पानाच्या पोटात असतं पण डोळ्यांना दिसत नाही, फोटोच्या alt मजकुरात, पानाच्या डिस्क्रिप्शन टॅगमध्ये, किंवा दुसरीकडून आणून लावलेल्या चौकटीत. दुसरं, आणि हे फार वेळा होतं, इंजिन येऊन गेल्यानंतर पान बदललेलं असतं. बातम्यांच्या साईटवर उजवीकडे "हेही वाचा" अशी पट्टी असते ना, त्यातला मथळा त्या दिवशी होता आणि आज नाही, पण सूचीत तो राहिला. पूर्वी अशा वेळी गूगलची कॅश उघडून बघता यायचं, 2024 च्या सुरुवातीला त्या लिंका काढून टाकल्या, तेव्हापासून मी वेबॅक मशीनवर जाऊन जुनी प्रत बघते, तिथे असेलच असं मात्र नाही.

Ctrl+F करताना लक्षात ठेवा की बंद असलेल्या टॅबमधला, "आणखी वाचा"च्या आतला मजकूर त्याला कित्येकदा सापडत नाही, म्हणून "पानावर नाही" असं म्हणायच्या आधी सगळं उघडून बघा. आणि मॅपच्या चौकटीत येणारी दुकानं-हॉटेलं यांना कोट लागूच होत नाहीत, तिथे वाद घालण्यात अर्थ नाही.

पण माझं स्वतःचं पान का नाही आलं? तिथे तर तेच वाक्य होतं!

हा सगळ्यात रंजक भाग, आणि इंग्रजीत सर्च करणाऱ्यांना ही डोकेदुखीच नाही. वाक्य तेच होतं, पण "दुसऱ्या" तोच नव्हता.

ती पोस्ट मी कैक वर्षांपूर्वी जुन्या कॉम्प्युटरवर टाईप केली होती, आणि सर्च आता फोनवरून केला. "दुसऱ्या" मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक तऱ्हा म्हणजे ऱ हे युनिकोडमधलं, म्हणजे कॉम्प्युटर प्रत्येक अक्षराला जो क्रमांक देतो त्या यादीतलं, वेगळं अक्षर घ्यायचं, त्याला हलंत, मग य. दुसरी म्हणजे साधा र, हलंत, आणि मधे एक न दिसणारा जोडक, ज्याला ZWJ म्हणतात, मग य. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे, फॉन्ट चांगला असेल तर भिंग लावूनही फरक कळणार नाही. इंजिनाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. कॉम्प्युटरवर F12 दाबलं की ब्राउजरचा कन्सोल उघडता येतो, त्यात हे टाकून बघा:

```
[..."दुसऱ्या"].map(c => c.codePointAt(0).toString(16))
// 926 941 938 931 94d 92f 93e
[..."दुसर्‍या"].map(c => c.codePointAt(0).toString(16))
// 926 941 938 930 94d 200d 92f 93e
```

वरच्यात 931 आहे, तो ऱ. खालच्यात 930 म्हणजे साधा र, आणि 200d म्हणजे तो अदृश्य जोडक. एकात सात तुकडे, दुसऱ्यात आठ. युनिकोडचं जे नेहमीचं सफाईचं काम असतं, नॉर्मलायझेशन, ते र खाली नुक्ता म्हणजे टिंब असेल तर त्याचा ऱ करून घेतं, पण ZWJ वाल्याचा ऱ करत नाही. वर एखाद्या इंजिनाने अदृश्य अक्षरं सरसकट फेकून दिली तर खालचा शब्द "दुसर्या" होतो, म्हणजे रफारवाला, आणि मग तुम्हाला "दुसर्या" लिहिणाऱ्यांची पानं मिळतात, "दुसऱ्या" लिहिणाऱ्यांची नाहीत. "थोडा बदललेला रिझल्ट" म्हणतात तो कधी कधी असा तयार होतो.

तर त्या दिवशी मी काय केलं, पहिला शब्दच उडवला आणि नुसतं "दिवशी पीठ छान फुगून" टाकलं. लगेच माझं पान आलं, आणि त्याच्याखाली दुसरं एक पान, ज्यात पुढची तीन वाक्यंही माझीच. त्यातला "दुसऱ्या" कॉपी करून कन्सोलमध्ये टाकला तर 200d निघाला, म्हणजे माझ्या पानातला शब्द जसाच्या तसा उचललेला. चोराने अदृश्य अक्षरसुद्धा सोडलं नव्हतं.

असे अजून कुठले शब्द आहेत?

ॲ हा मोठा खलनायक. "ॲप" तीन तऱ्हांनी सापडेल, ॲ हे एकसंध अक्षर, जे युनिकोडमध्ये 2008 साली आलं, त्याआधीची अ + ZWJ + ॅ अशी जोडणी, आणि हिंदी कीबोर्डवरचा ऍ. बॅट, ऑफिस यांना हा त्रास नाही, पण ॲसिडिटी, ॲडमिशन, ॲम्ब्युलन्स यांना आहे. तिन्ही टाकून बघायचे, दुसरा इलाज नाही.

जुन्या पुस्तकांतलं काही शोधत असाल तर अनुस्वार बघा. 1962 च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, त्याआधीच्या मजकुरात "कांहीं", "नाहीं", "घरांत" असं असणार, आणि "काही" कोटमध्ये टाकलं तर "कांहीं" मिळेलच असं धरून चालू नका. लांब दांडीचा ल किंवा मराठी श यांची मात्र काळजी नको, तो फॉन्टचा फरक आहे, आतलं अक्षर एकच.

"7/12 उतारा" कोटमध्ये टाकलं तर "7-12" पण येतं, ते का?

गूगलचं स्वतःचं म्हणणं आहे की काही विरामचिन्हं त्याला मोकळ्या जागेसारखी दिसतात. म्हणजे 7/12 हे त्याच्या लेखी 7 आणि 12 असे दोन शब्द, मधे काहीही असो. "7-12 उतारा", "7 12 उतारा" सगळे एकाच माळेचे मणी. पण "सातबारा उतारा" हा वेगळा शब्द, तो कोटमध्ये येणार नाही, आणि "७/१२" देवनागरी आकड्यांत असेल तर ते आकडे आणि इंग्रजी आकडे एक धरायचे की नाही हे प्रत्येक इंजिनाची मर्जी. इथे कोट घट्ट आवळण्यापेक्षा सगळी रूपं स्वतः द्यावी, OR कॅपिटलमध्येच लिहायचं:

```
"7/12 उतारा" OR "७/१२ उतारा" OR "सातबारा उतारा"
```

वेगवेगळ्या इंजिनांत नेमका फरक काय?

गूगलवर कोट म्हणजे हे शब्द याच क्रमाने हवेत, एका शब्दाला कोट लावले तर त्याचे समानार्थी शब्द आणू नका असा अर्थ. कोटच्या आत `*` टाकला तर तिथे एखादा शब्द काहीही चालतो, "पीठ * फुगून" असं. एका सर्चमध्ये 32 शब्दांपर्यंतच, पण तेवढं लांब मराठी वाक्य कोण शोधतंय.

बिंगच्या मदतीच्या पानावर दोन गोष्टी वेगळ्या सांगितल्यात. एक, विरामचिन्हं आणि फार वापरातले बारीक शब्द एरवी सोडून दिले जातात, पण कोटमध्ये असतील किंवा आधी `+` असेल तर सोडले जात नाहीत. दोन, पहिले 10 शब्दच हिशोबात घेतले जातात. म्हणून तिथे अख्खं वाक्य टाकण्यात हशील नाही, पाच-सहा शब्दांचा तुकडा घ्यावा, आणि तो वाक्याच्या अशा भागातून घ्यावा जो दुसरं कोणी सहज लिहिणार नाही.

डकडकगो सगळ्यात प्रामाणिक, त्यांच्या मदतीच्या पानावर सरळ लिहिलंय की कोटमधल्या शब्दांना काही नाही किंवा फारच थोडं सापडलं तर संबंधित रिझल्ट दाखवायचा प्रयत्न करू. म्हणजे एक-दोनच पानं खरी असतील तरी खाली भर घातलेली असू शकते, हे लक्षात ठेवा. शिवाय त्याच्या साध्या लिंका मुख्यतः बिंगकडून येतात, त्यामुळे बिंगवर नाही मिळालं म्हणून डकडकगोवर गेलात तर तीच विहीर, दोरी फक्त वेगळी. स्टार्टपेजचं गूगलशी तसंच. खरोखर दुसरं मत हवं असेल तर स्वतःची सूची असलेलं इंजिन बघावं, ब्रेव्ह हे एक तसं, पण तिथे मराठी पानं किती उचललेली आहेत ते तुम्हीच आपल्या दोन-चार माहितीतल्या वाक्यांवर तपासा.

यांडेक्सवर एक गोष्ट मला आवडते, शब्दाआधी `!` लावलं की त्याच रूपातला शब्द. रशियनमध्ये एकाच नामाची ढीगभर रूपं होतात, आपल्या पीठ, पिठाला, पिठात सारखी, त्यामुळे त्यांना हे "रूप" आणि "शब्द" वेगळं करणं भागच पडलं असणार. मराठीला अशी सोय कोणी दिली तर मी पेढे वाटेन.

पूर्वी शब्दाआधी + लावलं की नेमका तोच शब्द मिळायचा, ते कुठे गेलं?

गूगलवरून ते ऑक्टोबर 2011 मध्ये गेलं. त्याच वर्षी जूनमध्ये गूगलचं सोशल नेटवर्क, गूगल प्लस, आलं होतं, आणि लोकांनी लगेच दोन्हींचा संबंध लावला. + च्या जागी कोट वापरा असं सांगितलं, आरडाओरडा झाला, आणि नोव्हेंबरमध्ये `Verbatim` आलं. ते अजून आहे, कॉम्प्युटरवर `Tools` मध्ये जाऊन `All results` च्या जागी `Verbatim` निवडायचं, किंवा ॲड्रेसच्या शेवटी `&tbs=li:1` चिकटवायचं.

ते कोटपेक्षा वेगळं आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कोट शब्दांचा क्रम बांधून ठेवतात. `Verbatim` क्रमाला हात लावत नाही, ते स्पेलिंग सुधारणं, समानार्थी शब्द घुसवणं, शब्दाची दुसरी रूपं आणणं, असले उद्योग बंद करतं. दोन्ही एकत्र वापरता येतात आणि मी तसंच वापरते. ऱ आणि र्‍ चा प्रश्न त्याने सुटेल असं मात्र धरू नका.

एखाद्या साईटच्या स्वतःच्या सर्चबॉक्समध्ये तर कोट अजिबात चालत नाहीत?

कित्येक साईटच्या मागे ल्युसीन नावाचं सर्चचं सॉफ्टवेअर किंवा त्यावर उभं असलेलं इलॅस्टिकसर्च असतं, आणि त्याचा कोड उघडा असल्यामुळे आत काय होतं ते वाचता येतं. तिथे कोटमधलं वाक्यही त्याच गाळणीतून जातं जिच्यातून मजकूर गेला. देवनागरीसाठी साईटवाल्यांनी ल्युसीनची हिंदीची गाळणी लावली असेल तर बघा काय होतं, ती ZWJ काढून टाकते, ऱ चा र करते, दीर्घ ई ची ऱ्हस्व इ करते, चंद्रबिंदूचा अनुस्वार. म्हणजे "दिन" आणि "दीन" एकच! तुम्ही कोट कितीही लावा, सूचीत फरकच उरलेला नाही तर सापडणार कुठून. एका अर्थी बरंच की, आंबोळीचं माझं पान तिथे पहिल्या फटक्यात सापडलं असतं.

अशा साईटवर गूगलमध्ये `site:` आणि त्याला चिकटून साईटचा पत्ता लावून शोधणं बरं पडतं, कोटसकट.

मग कॉपी पकडायची तर नेमकं कसं शोधू?

वाक्य हाताने टाईप करू नका, आपल्या पानावरून कॉपी करून आणा, म्हणजे अदृश्य अक्षरंही बरोबर येतील. एकेरी कोट लावू नका, त्याला इथे काही अर्थ नाही. चार ते सहा शब्द घ्या, त्यात ऱ्य, ऱ्ह, ॲ, आकडे, स्वल्पविराम असलं काही नको, आणि शक्यतो तुमची खास लकब असलेला तुकडा हवा, "चवीनुसार मीठ घाला" शोधलंत तर अख्खा महाराष्ट्र हजर होईल. मग तोच तुकडा एकदा गूगलवर आणि एकदा बिंगवर, वरची ओळ वाचून, उताऱ्यात सलग ठळक आहे का ते बघून. पान सापडलं की आधी स्क्रीनशॉट आणि वेबॅक मशीनवर प्रत साठवणं, मेल नंतर. मी मेल आधी केला, आणि दुसऱ्या दिवशी त्या पानावर आंबोळीच्या जागी घावन होते.